शेवटचा ढीग कोणाचा?

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात शिरलं, की भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रं दिसतात. कामॉइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर रंगवलेले आहेत. अशा रंगवलेल्या टाइल्सना पोर्तुगीज लोक अझुलेजो म्हणतात. ही कला इबेरियात मूर लोकांनी आणली. पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल स्पेनमधल्या अल्हांब्रा राजवाड्यात गेला, तिथल्या भिंती पाहून थक्क झाला आणि आपल्या महालाच्याही भिंती तशाच सजवायचा हुकूम त्याने दिला, अशी कथा 'आझूल' या खेळाच्या नियमपुस्तिकेत सुरुवातीलाच येते. खेळणारे सगळे राजाचे कारागीर. टाइल्स निवडायच्या आणि भिंतीवर बसवायच्या, इतकंच काम.

हा खेळ मिखाएल कीसलिंग या जर्मन रचनाकाराने बनवला. त्याआधी वोल्फगांग क्रामरबरोबर त्याने केलेल्या 'टिकाल' आणि 'टोरेस' या खेळांना १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं जर्मनीचा 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला होता. 'आझूल' २०१७ साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्यालाही तो पुरस्कार मिळाला. नियम इतके थोडे आहेत, की दहा मिनिटांत आठवीतल्या मुलाला सांगून होतात. मला त्या थोड्या नियमांमधून उभं राहणारं भांडण फार आवडतं. भांडण असतं ते नको असलेल्या टाइल्सवरून.

आधी खेळ कसा चालतो ते पाहू. पिशवीत १०० टाइल्स असतात. निळा, पिवळा, लाल, काळा आणि पांढरा असे पाच रंग, प्रत्येकाच्या २० टाइल्स. दोघं खेळत असतील तर टेबलावर पाच गोल चकत्या मांडतात. नियमपुस्तिकेत त्यांना कारखाने म्हटलं आहे. पिशवीत न बघता हात घालून प्रत्येक चकतीवर चार टाइल्स ठेवायच्या. आपली पाळी आली की एका चकतीवरचा एक रंग निवडायचा आणि त्या रंगाच्या तिथल्या सगळ्या टाइल्स उचलायच्या. उरलेल्या टाइल्स टेबलाच्या मध्यभागी सरकवायच्या. चकतीऐवजी मध्यभागातूनही घेता येतं. तिथेही एकच रंग, आणि त्या रंगाच्या असतील तेवढ्या सगळ्या. दोन हव्यात म्हणून पाचांतल्या दोन, असं चालत नाही. सगळा खेळ या एका अटीवर उभा आहे.

उचललेल्या टाइल्स आपल्या पाटावरच्या पाच रांगांपैकी एका रांगेत जातात. वरच्या रांगेत एक घर, तिच्याखाली दोन, मग तीन, चार आणि शेवटी पाच. एका रांगेत एकच रंग चालतो. फेरी संपली की ज्या रांगा पूर्ण भरल्या असतील त्यांतली एकेक टाइल उजवीकडच्या भिंतीवर जाते आणि तिचे गुण मिळतात. त्या रांगेतल्या बाकीच्या टाइल्स बाद होतात. अर्धवट रांगा तशाच पुढच्या फेरीत जातात. भिंतीच्या प्रत्येक आडव्या ओळीत एक रंग एकदाच बसतो. त्यामुळे तिसऱ्या ओळीत काळी टाइल बसली असेल, तर तीन घरांच्या रांगेत पुन्हा काळा रंग घेता येत नाही.

भिंतीवर बसलेल्या टाइलला शेजार नसेल तर एकच गुण मिळतो. शेजार असेल तर आडव्या सलग टाइल्स मोजायच्या, उभ्या सलग टाइल्स मोजायच्या आणि दोन्ही आकडे मिळवायचे. कोणाचीही एक आडवी ओळ पुरी झाली की त्या फेरीअखेर खेळ संपतो. मग पुऱ्या झालेल्या प्रत्येक आडव्या ओळीचे २, उभ्या ओळीचे ७ आणि एका रंगाच्या पाचही टाइल्स बसवल्या असतील तर त्याचे १० गुण वर मिळतात.

आता जमिनीकडे येऊ. रांगेत न मावलेल्या टाइल्स पाटाच्या तळाशी असलेल्या सात घरांच्या पट्टीत पडतात. टाइल जमिनीवर पडून फुटली, अशी कल्पना आहे. या घरांवर दंड छापलेला असतो. पहिल्या दोन घरांना उणे १, पुढच्या तीन घरांना उणे २ आणि शेवटच्या दोन घरांना उणे ३. सगळी पट्टी भरली तर १४ गुण गेले. सातांपेक्षा जास्त टाइल्स पडल्या तर वरच्यांना दंड नाही, त्या नुसत्याच बाद होतात. याखेरीज मध्यभागी १ आकडा लिहिलेली एक खास टाइल ठेवलेली असते. फेरीत जो सगळ्यांत आधी मध्यभागातून घेतो, त्याला ती टाइलही उचलून आपल्या जमिनीवर ठेवावी लागते. बदल्यात पुढच्या फेरीची पहिली खेळी त्याची.

दंडाच्या या चढत्या आकड्यांकडे नवे खेळाडू फारसं लक्ष देत नाहीत. त्यांच्या मनात एवढंच असतं, की जमिनीवर काही पडू द्यायचं नाही. पण एक टाइल पडली तर एक गुण जातो, दोन पडल्या तर दोन. सहा पडल्या तर मात्र अकरा जातात. म्हणजे एक-दोन टाइल्स जाणूनबुजून पाडणं स्वस्त आहे आणि एक मोठा ढीग अंगावर घेणं फार महाग. मुरलेले खेळाडू या फरकावरच जगतात. दोन गुण आत्ता टाकून पुढचे दहा वाचवता येतात का, हा हिशेब ते दर फेरीला करत असतात.

मध्यंतरी माझा भाऊ आणि त्याची मुलगी खेळत होते आणि मी बाजूला बसून पाहत होते. तिसरी फेरी अर्ध्यावर आली होती. त्या डावातली एक स्थिती सविस्तर सांगते, कारण रंग निवडताना काय पाहायचं हे तिच्यात अगदी उघड दिसतं.

पाच चकत्यांपैकी तीन रिकाम्या झाल्या होत्या. चार खेळ्या होऊन गेल्या होत्या, दोन मुलीच्या आणि दोन बाबांच्या. बाबांनी मध्यभागातून दोन निळ्या उचलून आपली चाराची रांग पुरी केली होती. त्यांच्याबरोबर १ आकड्याची टाइल त्यांच्या जमिनीवर पडली होती. मध्यभागी उरल्या होत्या चार काळ्या आणि एक पांढरी. भरलेल्या चकत्या दोनच. पहिल्या चकतीवर दोन काळ्या आणि दोन लाल, दुसरीवर तीन पिवळ्या आणि एक निळी. पाळी मुलीची.

मुलीच्या पाटावर एकाची रांग लालने भरलेली होती. दोनाच्या रांगेत एक पांढरी, तीनाच्या रांगेत दोन पिवळ्या, चाराच्या रांगेत दोन लाल आणि पाचाच्या रांगेत तीन निळ्या. पाचही रांगांना रंग लागलेला, म्हणजे काळ्याला तिच्याकडे जागाच नाही. बाबांची स्थितीही बरी नव्हती. त्यांच्या दोनाच्या रांगेत एक निळी होती, तीनाच्या रांगेत दोन पांढऱ्या, चाराची रांग निळ्याने पुरी आणि पाचाच्या रांगेत दोन पिवळ्या. एकाची रांग रिकामी होती, पण भिंतीच्या पहिल्या ओळीत काळी टाइल आधीच बसलेली, त्यामुळे तिथेही काळा चालत नव्हता. काळ्या टाइल्स जो घेईल त्याच्या सगळ्याच्या सगळ्या जमिनीवर पडणार होत्या.

मुलीचा हात आपोआप पहिल्या चकतीकडे गेला. दोन लाल घेतल्या की चाराची रांग बरोबर भरते. भिंतीवर त्या जागेच्या वर काळी टाइल होती, खाली पिवळी आणि उजवीकडे काळी. म्हणजे उभ्या तीन आणि आडव्या दोन, मिळून पाच गुण. एवढी चांगली टाइल कोण सोडेल? पण हात चकतीवर टेकायच्या आधीच थांबला. ती बोटं मोजायला लागली.

ती मोजत होती उरलेल्या खेळ्या. लाल घेतल्या तर पहिल्या चकतीवरच्या दोन काळ्या मध्यभागी जातील. तिथे आधीच चार काळ्या आहेत, त्यामुळे सहांचा एकच ढीग होईल. मग टेबलावर उरेल काय? काळ्यांचा ढीग, एक पांढरी, तीन पिवळ्या आणि एक निळी. चार रंग, आणि ते एकमेकांत मिसळायला वाव नाही, म्हणजे उरल्या चार खेळ्या. पहिली बाबांची, मग तिची, मग बाबांची आणि चौथी तिची. काळ्या कोणालाच नको आहेत, म्हणून त्या शेवटपर्यंत राहणार. शेवटची खेळी तिची, म्हणजे सहाही काळ्या तिच्या जमिनीवर. उणे अकरा. मधल्या खेळीत पांढरी घेतली तर दोनाची रांग पुरी होऊन तिचे दोन गुण मिळतील. पांढरी त्याच उभ्या ओळीत बसते, म्हणून लाल टाइलचे पाचाऐवजी सहा होतील. एकूण आठ कमावले आणि अकरा गमावले. लाल रांग पुरी करूनही ती तीन गुणांनी खाली जाणार.

"बाबा, काळ्या दोन मी घेते," ती म्हणाली आणि पहिल्या चकतीवरच्या दोन काळ्या उचलून तिने सरळ आपल्या जमिनीवर ठेवल्या.

"अगं, जागा कुठे आहे तुला?"

"नाहीये. म्हणूनच घेतेय."

दोन काळ्यांचे उणे दोन तिने पत्करले. दोन लाल मध्यभागी सरकल्या. आता टेबलावर होत्या चार काळ्या, एक पांढरी, दोन लाल, तीन पिवळ्या आणि एक निळी. रंग पाच, खेळ्या पाच. पहिली बाबांची आणि पाचवीही बाबांचीच. चकतीवरच्या काळ्या मध्यभागी मिसळू न देता वेगळ्या उचलल्यामुळे एक खेळी वाढली आणि शेवटचा ढीग समोरच्याकडे गेला.

माझ्या भावानेही आता मोजलं. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. मुलीच्या लाल आपणच घेऊन टाकायच्या, किंवा आपला फायदा बघायचा. लाल घेतल्या असत्या तर त्याच्या एकाच्या रांगेत एक बसली असती आणि दुसरी जमिनीवर गेली असती. शिवाय खेळ्यांची संख्या तशीच राहिली असती. कोणी कुठला रंग आधी घेतो याने आता काहीच बदलणार नव्हतं, कारण मिसळण्यासारखे दोन ढीग टेबलावर उरलेच नव्हते. म्हणून त्याने तीन पिवळ्या घेऊन पाचाची रांग पुरी केली. मुलीने लाल घेतल्या. त्याने पांढरी घेतली. तिने उरलेली निळी पाचाच्या रांगेत ठेवली. मध्यभागी राहिल्या चार काळ्या, आणि त्या घ्यायची पाळी बाबांची.

त्याच्या जमिनीवर १ आकड्याची टाइल आधीच होती, म्हणून काळ्या दुसऱ्या घरापासून पाचव्या घरापर्यंत गेल्या. एक, दोन, दोन, दोन असे सात, आणि आधीचा एक धरून आठ गुण गेले. मुलीचे लाल टाइलचे पाच आले आणि दोन गेले. पहिल्या वाटेने ती उणे तीनवर असती, या वाटेने अधिक तीनवर आली. समोरच्याचा दंड तेव्हा एकच असता, आता आठ झाला. बाकीच्या रांगांतला बारीक फरक सोडला तर दोघांमधल्या अंतरात तेरा गुणांची भर पडली. आणि त्यासाठी तिने मोजले दोन गुण.

खेळ्या मोजणं वाटतं तितकं अवघड नाही, फक्त ते वेळेवर करायला हवं. सगळ्या चकत्या रिकाम्या झाल्या की मध्यभागी जितके रंग तितक्या खेळ्या, एवढा साधा हिशेब आहे. पण तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. एखाद-दुसरी चकती शिल्लक असताना मोजलं तर उपयोग होतो. चकतीवरचा एखादा रंग मध्यभागीही असेल तर तो रंग कसा वागतो ते पाहायचं. दुसरा रंग उचलला तर हा मध्यभागी जाऊन मिसळतो आणि एक खेळी कमी होते. हाच रंग चकतीवरून उचलला तर मध्यभागातला ढीग वेगळा राहतो आणि खेळी वाचते. चकती दिव्याच्या बटणासारखी आहे, आणि ते बटण आधी कोण दाबतो यावर फेरीचा शेवट ठरतो. म्हणून वरच्या डावात मुलीने आधी पांढरी घेतली असती तर घात झाला असता. बटण बाबांच्या हाती गेलं असतं. त्यांनी एक गुणाचा दंड सोसून लाल उचलल्या असत्या, सहा काळ्यांचा ढीग तयार झाला असता आणि शेवटची खेळी पुन्हा तिच्यावर आली असती. लाल रांगही गेली असती, हे वेगळंच.

पण काळ्या टाइल्स वाईट का ठरल्या? त्यांच्यात मुळात वाईट काही नव्हतं. मुलीची पाचाची रांग रिकामी असती तर सहांपैकी पाच काळ्या तिथे बसल्या असत्या, एकच जमिनीवर पडली असती आणि एका खेळीत सगळ्यांत लांब रांग पुरी झाली असती. ज्या ढिगापासून दोघं पळत होते तो तेव्हा तिला हवासा झाला असता. म्हणून रंग निवडताना रंगाच्या आधी रिकाम्या रांगा पाहायच्या असतात, आपल्याही आणि समोरच्याच्याही. फेरीच्या सुरुवातीलाच पाचही रांगांना एकेक-दोनदोन टाइल्स लावून ठेवणारा खेळाडू पहिल्या तीन-चार खेळ्या मजेत खेळतो आणि शेवटच्या दोन खेळ्यांत अडकतो. त्याच्यासाठी टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक रंग दंडाचा होऊन बसतो. माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यांत आधी हीच सवय मोडावी. नवी रांग उघडण्यापेक्षा उघडलेली पुरी करावी, आणि खालच्या दोन लांब रांगांपैकी एक होता होईतो मोकळी ठेवावी.

आता समोरच्याला खाऊ घालण्याविषयी. रमीत आपण टाकलेलं पान पुढच्याला लागतं का याकडे खेळणाऱ्याचं लक्ष असतं. इथे प्रत्येक खेळीत आपण एकाऐवजी दोन-तीन टाइल्स टाकत असतो, कारण चकतीवरून एक रंग उचलला की बाकीचं सगळं मध्यभागी उघडं पडतं. समजा समोरच्याच्या पाचाच्या रांगेत दोन लाल आहेत, म्हणजे त्याला तीन हव्यात. मध्यभागी एक लाल पडलेली आहे. एका चकतीवर एक निळी, एक पिवळी आणि दोन लाल आहेत. तुम्हाला निळी हवी आहे. ती उचलली की दोन लाल मध्यभागातल्या एकीला जाऊन मिळतात आणि समोरच्याला हव्या तेवढ्या बरोबर तीन टाइल्स तयार होतात. निळीचे तुम्हाला मिळणार दोन गुण, आणि तुम्ही त्याच्या हातात पाचाची पुरी रांग ठेवली.

यावर दोन उपाय असतात. एक उपाय सगळ्यांना सुचतो, तो म्हणजे त्या लाल आपणच उचलणं. पण ते आपल्या रांगेत बसत असतील तरच परवडतं, कारण दोन टाइल्स जमिनीवर पाडून समोरच्याची एक रांग अडवणं पुष्कळदा बरोबरीचं किंवा तोट्याचं ठरतं. दुसरा उपाय उशिरा सुचतो आणि तोच या खेळाची खरी गंमत आहे. ढीग कमी करण्याऐवजी वाढू द्यायचा. मध्यभागी लाल एकीऐवजी चार असत्या, तर चकतीवरच्या दोन मिळून सहा झाल्या असत्या. समोरच्याला तीनच हव्यात, पण घ्याव्या लागतील सहाही. तीन रांगेत आणि तीन जमिनीवर, म्हणजे उणे चार. ढीग त्याच्या रिकाम्या घरांपेक्षा एकाने मोठा असेल तर तो आनंदाने घेईल, दोनाने मोठा असेल तर विचार करेल, तीन-चाराने मोठा असेल तर पळेल. त्याला हवा असलेला रंग त्याच्याकडे किती घरं मागतो आणि मध्यभागी त्याच्या किती टाइल्स आहेत, या दोन आकड्यांवर डोळा ठेवला की कुठली चकती फोडायची आणि कुठलीला हात लावायचा नाही हे कळू लागतं.

इथे एक चूक मी बऱ्याच टेबलांवर पाहिली आहे. समोरच्याची एकच रांग पाहायची आणि त्याला अडवल्याच्या समाधानात राहायचं. त्याची दुसरी लांब रांग रिकामी असेल तर तो सहा लाल तिकडे नेऊन बसवतो. मात्र भिंतीवर त्या ओळीत लाल आधीच बसलेला असेल तर ती वाट बंद असते. म्हणून समोरच्याची भिंतही पाहावी लागते. खेळ जितका पुढे जाईल तितक्या अशा बंद वाटा वाढत जातात. शेवटच्या फेऱ्यांत जमिनीवर जास्त टाइल्स का पडतात, त्याचं हे मुख्य कारण.

१ आकड्याच्या टाइलचा दंड एकच गुण आहे, तोही पट्टी रिकामी असताना. तिला घाबरून मध्यभागाला हात न लावणारे खेळाडू स्वतःचं नुकसान करून घेतात. पुढच्या फेरीत पहिला हात आपला असतो, तेव्हा चार सारख्या रंगाची चकती निघाली तर ती सरळ आपली होते. मात्र ही टाइल आपल्या खात्यातलं एक स्वस्त घर व्यापून बसते. तिच्यानंतर पडणारी टाइल पहिल्याऐवजी दुसऱ्या घरात जाते आणि त्यापुढच्या टाइललाच उणे दोनचं घर लागतं. म्हणून ज्या फेरीत आपल्यावर मोठा ढीग येण्याची चिन्हं आहेत, त्या फेरीत ती घेणं महागात पडतं.

हे सगळं बारीक मोजणं दोघांच्या खेळात चालतं. तिघं असतील तर सात चकत्या, चौघं असतील तर नऊ. नऊ चकत्या म्हणजे एका फेरीत ३६ टाइल्स. आपल्या एका खेळीनंतर तीन जण खेळतात आणि त्या तिघांपैकी एकानेही ढीग मिसळवला किंवा वेगळा उचलला, की आपला आकडा कोलमडतो. तिथे शेवटच्या दोन-तीन खेळ्यांपलीकडे मोजून उपयोग नसतो. समोरच्याला अडवण्याचा हिशेबही बदलतो. मी दोन गुण खर्चून एकाला अडवलं, तर फायदा उरलेल्या दोघांना फुकट मिळतो. म्हणून चौघांच्या खेळात मी डावीकडच्या शेजाऱ्यावर, म्हणजे माझ्या लगेच नंतर खेळणाऱ्यावर, तेवढं लक्ष ठेवते. मध्यभागी मी सरकवलेल्या टाइल्स सगळ्यांत आधी त्याच्याच हाती लागणार असतात.

एक नियम सगळे वाचतात आणि विसरतात. गुण शून्याच्या खाली जात नाहीत. पहिल्या फेरीअखेर कोणाचे तीन गुण झाले असतील आणि त्याच्या जमिनीवर सहा टाइल्स पडल्या असतील, तर हिशेबाने अकरा वजा व्हायला हवेत, पण प्रत्यक्षात तीनच जातात. म्हणून पहिल्या फेरीत समोरच्यावर मोठा ढीग ढकलण्यासाठी फार खर्च करू नये. तो दंड त्याला पुरता लागतच नाही. उलट आपल्याला पहिल्या फेरीत लांब रांग पुरी करायची असेल आणि त्यासाठी दोन-तीन टाइल्स पाडाव्या लागत असतील, तर पाडाव्यात. तिसऱ्या फेरीपासून बहुतेकांच्या खात्यात पुरेसे गुण जमलेले असतात, आणि तेव्हापासून जमिनीवरच्या प्रत्येक टाइलची पूर्ण किंमत मोजावी लागते.